माइंड मॅपच्या फोटोवरून निबंधाचा आराखडा: तीन मार्गांची तुलना

शालेय प्रकल्पासाठी कागदावर काढलेल्या माइंड मॅपचा फोटो हाती असतो आणि त्यावरून परिच्छेदांचा क्रम ठरलेला आराखडा करायचा असतो, तेव्हा तीन मार्ग उपलब्ध असतात. फोटोतील मजकूर ओसीआरने, म्हणजे चित्रातील अक्षरे ओळखणाऱ्या सोयीने, काढून घेता येतो, फोटो पाहून तोच मॅप फ्रीप्लेनसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा उभारता येतो, किंवा प्रत्येक नोंद चिठ्ठीवर उतरवून चिठ्ठ्या टेबलावर लावता येतात. माझ्या मते निवड करताना एकच प्रश्न आधी विचारावा: एका फांदीवरून दुसऱ्या फांदीकडे गेलेले बाण त्या मार्गात टिकतात का? शब्द पुन्हा लिहिता येतात. परंतु कोणता मुद्दा कोणत्या मुद्द्याशेजारी यावा, याची मॅपमधली सर्वांत स्पष्ट खूण हे बाणच असतात.

उदाहरणासाठी नववीच्या पातळीवरचा ‘१९७२चा दुष्काळ’ हा प्रकल्प घेऊ. मध्यभागी विषय आहे आणि घड्याळाच्या दिशेने सहा फांद्या आहेत: कारणे, लोकांचे हाल, अन्न, दुष्काळी कामे, रोजगार हमी योजना आणि आजीची मुलाखत. अन्नाच्या फांदीवर ‘मिलो’ ही आयात केलेली लाल ज्वारी आणि ‘सुकडी’ हे दुष्काळात वाटले जाणारे पौष्टिक खाद्य आहे, कामांच्या फांदीवर ‘खडी फोडणे’, ‘पाझर तलाव’, ‘रस्ते’ आहे, तर योजनेच्या फांदीवर ‘वि. स. पागे’, ‘१९६५ विसापूर’ आणि ‘१९७७ कायदा’ आहे. दुष्काळी कामांकडून योजनेकडे एक बाण गेला आहे आणि आजीच्या मुलाखतीतून मिलो, खडी आणि आटलेली विहीर यांच्याकडे तीन बाण गेले आहेत.

ओसीआरचा मार्ग सर्वांत जलद वाटतो. फोटो गूगल ड्राइव्हवर चढवून त्यावर `Open with` मधून गूगल डॉक्स निवडले, की चित्राखाली मजकूर येतो. छापील कागदासाठी ही सोय उत्तम आहे, पण माइंड मॅपवर तिची अडचण दुहेरी होते. ओसीआर पान ओळींमध्ये वाचतो. त्यामुळे डावीकडच्या फांदीवरचे ‘आजीची मुलाखत’ आणि त्याच उंचीवर उजवीकडे असलेले ‘मिलो’ एकाच ओळीत येऊ शकतात, आणि कोणती नोंद कोणत्या फांदीची हे मजकुरावरून कळेनासे होते. दुसरी अडचण खास देवनागरीची आहे. माइंड मॅपमध्ये शब्द फांदीच्या रेषेवर लिहिण्याची पद्धत आहे, आणि ती रेषा अक्षरांच्या पायाशी लागून जात असल्याने खाली येणारे उकार तिच्यात मिसळतात. मग ‘सुकडी’चे ‘सकडी’ होऊ शकते. तिरप्या फांदीवर तिरपा लिहिलेला शब्द बऱ्याचदा वाचलाच जात नाही, आणि गळलेला शब्द चुकीच्या शब्दासारखा डोळ्यांत भरत नाही, म्हणून ही चूक अधिक घातक ठरते. ती ओळखण्याचा साधा उपाय म्हणजे फोटोतील नोंदी मोजणे आणि मिळालेल्या मजकुरातील नोंदी मोजणे. आकडे जुळले नाहीत तर काहीतरी गळले किंवा दोन नोंदी चिकटल्या आहेत. बाण तर या मार्गात पूर्णपणे नाहीसे होतात. वीस-पंचवीस नोंदींच्या हस्तलिखित मराठी मॅपसाठी दुरुस्तीला लागणारा वेळ थेट टंकलेखनापेक्षा कमी नसतो, म्हणून येथे मी ओसीआर सुचवणार नाही.

फ्रीप्लेनमध्ये मॅप पुन्हा उभारताना प्रत्येक नोंद स्वतः वाचून टंकावी लागते, आणि हाच त्याचा फायदा आहे, कारण अस्पष्ट शब्दाविषयी त्याच वेळी मॅप काढणाऱ्या विद्यार्थ्याला विचारता येते. `Tab` दाबून पोटनोंद आणि `Enter` दाबून शेजारची नोंद तयार होते. नोंदी हव्या तशा वरखाली सरकवता येतात आणि शेवटी मूळ नोंद कॉपी करून साध्या मजकुराच्या फाइलमध्ये चिकटवली, की आत सरकवलेल्या ओळींचा आराखडा मिळतो. उलट दिशाही चालते: टॅब देऊन टंकलेला मजकूर चिकटवला की त्याच्या फांद्या तयार होतात. बाण पडद्यावर काढता येतात, मात्र साध्या मजकुरात ते उतरत नाहीत. म्हणून कॉपी करण्यापूर्वीच बाणाने जोडलेली नोंद तिच्या जोडीदाराखाली हलवून घ्यावी.

चिठ्ठ्यांचा मार्ग संथ आहे आणि त्याची प्रत जपणे अवघड आहे. तरीही ज्याने मॅप काढला त्या विद्यार्थ्यालाच क्रम ठरवायचा असेल, तर तो मला सर्वांत योग्य वाटतो, कारण दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवताना त्या शेजारी का आहेत हे सांगावे लागते.

कोणताही मार्ग घेतला तरी फोटो कागदाच्या बरोबर वरून, दिवसाउजेडी, फ्लॅशशिवाय काढावा. एक फोटो पूर्ण कागदाचा असावा आणि शिवाय चार भागांचे जवळून घेतलेले वेगळे फोटो असावेत, म्हणजे पहिल्यात रचना दिसते आणि बाकीच्यांत अक्षर.

आता क्रमाकडे वळू, कारण खरा निर्णय तेथेच असतो. फांद्या घड्याळाच्या दिशेने घेतल्या, तर आजीची मुलाखत शेवटी, योजनेच्या परिच्छेदानंतर, एकटी पडते. वस्तुतः ती स्वतंत्र मुद्दा नसून पुराव्याचा स्रोत आहे, आणि तिचे तीन बाण नेमके तेच सांगतात. स्रोताची फांदी आराखड्यात विरघळली पाहिजे: विहिरीची आठवण कारणांखाली, मिलोची अन्नाखाली, खडीची कामांखाली.

काटेकोर कालक्रम हा दुसरा पर्याय. तो इतिहासाच्या विषयाला साजेसा वाटतो, पण येथे घोटाळा होतो. रोजगार हमीची कल्पना मांडणाऱ्या पागे यांचा प्रयोग सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे १९६५ साली झाला होता, म्हणजे दुष्काळाच्या आधी. तर कायदा १९७७ साली संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. कालक्रम पाळला तर वाचकाला दुष्काळ कळण्यापूर्वीच योजनेची सुरुवात वाचावी लागते आणि एकाच विषयाचे दोन तुकडे निबंधाच्या दोन टोकांना जातात.

तिसरा पर्याय कारण आणि परिणाम यांचा. त्यात प्रत्येक परिच्छेदाला एकच प्रश्न विचारायचा: हा समजण्यासाठी वाचकाला आधी काय माहीत हवे? योजना समजण्यासाठी सरकारी कामे, कामे समजण्यासाठी लोकांची उपासमार, आणि ती समजण्यासाठी पावसाने दिलेली ओढ. मॅपमधला कामांकडून योजनेकडे जाणारा बाण याच दिशेचा आहे, म्हणून मी हा क्रम निवडेन. विसापूरचा प्रयोग मग योजनेच्याच परिच्छेदात ‘याआधी’ असे म्हणून मागे वळून सांगता येतो.

```
१ कारणे: पावसाची ओढ, कोरडवाहू शेती
    आजी: आटलेली विहीर
२ हाल: स्थलांतर, जनावरे
३ अन्न: मिलो, सुकडी
    आजी: मिलोची भाकरी
४ कामे: रस्ते, पाझर तलाव
    आजी: खडी फोडणे
५ योजना: विसापूर १९६५, कायदा १९७७
```

चारशे शब्दांच्या निबंधात प्रत्येक परिच्छेदाला सुमारे ऐंशी शब्द मिळतात आणि तेवढ्यात दोन-तीन नोंदीच नीट मांडता येतात. म्हणून दुसरा परिच्छेद फारच लहान राहिला तर तो तिसऱ्यात मिसळावा. मॅपच्या कोपऱ्यात ‘बोअरवेल’ अशी एखादी नोंद कोणत्याही फांदीला न जोडता लिहिलेली असेल, तर तिला ओढूनताणून जागा देऊ नये. आराखड्याखाली ‘उरलेल्या नोंदी’ म्हणून ती ठेवावी आणि तिचा संबंध कशाशी होता हे विद्यार्थ्याने सांगितल्यावरच वर घ्यावी.