स्पर्धकाने भाव पाडला: आपणही पाडायचा की धरून ठेवायचा?

सप्टेंबर 1993 मध्ये लंडनच्या ‘द टाइम्स’ने अंकाची किंमत 45 पेन्सवरून 30 वर आणली. ‘डेली टेलिग्राफ’ तेव्हा 48 पेन्सला विकला जात होता आणि त्याचा खप दहा लाखांच्या घरात होता. टेलिग्राफपुढे दोनच वाटा होत्या, आणि त्या तोलायला पे-ऑफ मॅट्रिक्स, म्हणजे दोघांच्या निवडींनुसार कोणाला किती मिळेल हे दाखवणारा तक्ता, फार उपयोगी पडतो. खालचे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. प्रत्येक जोडीत पहिला आकडा आपला महिन्याचा नफा, दुसरा स्पर्धकाचा.

| | स्पर्धक भाव धरतो | स्पर्धक भाव पाडतो |
|---|---|---|
| आपण धरतो | 10, 10 | 4, 13 |
| आपण पाडतो | 13, 4 | 6, 6 |

तक्ता एकेका उभ्या रकान्यात वाचा. स्पर्धक भाव धरत असेल तर आपल्याला 10 पेक्षा 13 बरे. तो पाडत असेल तर 4 पेक्षा 6 बरे. म्हणजे दोन्ही वेळा पाडणेच फायद्याचे. स्पर्धकही हाच हिशोब करतो, आणि दहा-दहा मिळू शकणारे दोघे सहा-सहावर येऊन बसतात.

बहुतेक जण इथेच थांबतात. पण माझ्या मते निर्णय ठरतो तो ‘4’ च्या घरात. आपले गिऱ्हाईक सवयीने बांधलेले असेल आणि तिथे 4 ऐवजी 7 असतील, तर स्पर्धकाने भाव पाडल्यावरही धरून ठेवणेच शहाणपणाचे; पाडला तर 7 चे 6 होतात. म्हणून आधी तपासायचे ते एवढेच, की किती गिऱ्हाईक खरोखर जाते आहे.

टेलिग्राफने नऊ महिने भाव धरला. तेवढ्यात टाइम्सचा खप साडेतीन लाखांच्या आसपासून पाच लाखांवर गेला आणि टेलिग्राफचा दहा लाखांखाली घसरला. सातचे घर हळूहळू चारकडे सरकत होते, असे मला वाटते. जून 1994 मध्ये टेलिग्राफनेही 30 पेन्स केले. दुसऱ्याच दिवशी टाइम्स 20 वर उतरला. टेलिग्राफचा शेअर कोसळला. दोनच किमती धरून मांडलेल्या तक्त्याची उणीव इथे दिसते: तिसरी, आणखी खालची किंमत त्यात नव्हतीच.

दुसरी उणीव वेळेची. पहिल्याने भाव पाडला की त्याला महिन्याला 3 जास्त मिळतात. उत्तर आल्यावर महिन्याला 4 कमी. उत्तराला नऊ महिने लागले तर त्याची कमाई 27, आणि ती फिटायला युद्धाचे जवळपास सात महिने लागतात. उत्तर महिन्याभरात आले, तर कमाई 3 आणि ती पहिल्याच महिन्यात बुडते. तेव्हा उत्तर द्यायचेच असेल तर लवकर द्यावे. उशिरा दिलेल्या उत्तरात दोन्हीकडचा तोटा पदरी पडतो.

1995 मध्ये वृत्तपत्री कागद महागला आणि प्रत्येक स्वस्त अंकामागचा तोटा वाढला. त्या जुलैत टाइम्सने किंमत 25 पेन्स केली, आणि टेलिग्राफही वर सरकला.