वर्षभर ओटीटी आलटून पालटून घेतले, त्याचा अनुभव (ऐरोली, चार माणसांचं घर)

आमच्याकडे मी, नवरा, सासूबाई आणि सातवीतली मुलगी. मागच्या वर्षीपर्यंत चारही ओटीटी वर्षभर चालू असायचे आणि बघत कोणीच नसायचं, म्हणजे एकावेळी एकच काहीतरी चालू आणि बाकी तिघांचे पैसे नुसते जातायत. मग ठरवलं की एका वेळी एकच विकत घ्यायचा, बघून संपवायचा, बंद करायचा, पुढचा घ्यायचा. आता भरपूर महिने झाले म्हणून लिहितेय. सगळे दर मी घेतले तेव्हाचे, म्हणजे २०२५ चे, नंतर बदलले असतील तर घेताना बघून घ्या.

आधीचा हिशोब असा. नेटफ्लिक्सचा स्टँडर्ड प्लॅन ४९९ महिना, म्हणजे वर्षाचे ५,९८८. प्राइम वर्षाचं १,४९९. जिओहॉटस्टार प्रीमियम वर्षाचं १,४९९. सोनीलिव्ह वर्षाचं १,४९९. टोटल १०,४८५. केबलचं बिल वेगळं, ते बंद करायचा विषयच नाही कारण आईंच्या संध्याकाळच्या मालिका तिकडेच चालतात. रोज येणारी मालिका असेल तर या प्रकाराच्या नादी लागूच नका, महिनाभर बंद ठेवलं की गोष्ट कुठच्या कुठे गेलेली असते.

आता खरी गंमत, जी मला कागदावर आकडे मांडल्यावर कळली. सगळे ओटीटी आलटून पालटून घेण्यात सारखा फायदा नसतोच. नेटफ्लिक्सला वर्षाचा पॅकच नाही, त्यामुळे जो महिना बंद त्या महिन्याचे ४९९ सरळ वाचले. बाकीच्यांचं तसं नाही. सोनीलिव्ह महिन्याला ३९९ आणि वर्षाला १,४९९, म्हणजे तीन महिने सुटे घेतले तर ठीक, चौथा घेतला की १,५९६ होतात, त्यापेक्षा वर्षाचाच स्वस्त. प्राइम महिन्याला २९९, तीन महिन्यांना ५९९, वर्षाला १,४९९. पाच महिने सुटे घेतले तर १,४९५, म्हणजे वर्षाच्या पॅकएवढेच. आम्ही प्राइम वर्षाचंच ठेवलं कारण सामानाची डिलिव्हरी त्यावर येते, जून २०२५ पासून त्यात मध्येमध्ये जाहिराती येतात आणि त्या नको असतील तर महिन्याला १२९ वेगळे मागतात, ते आम्ही देत नाही, जाहिरात आली की पाणी प्यायला उठतो.

हॉटस्टार फक्त आयपीएलसाठी. तीन महिन्यांचा प्रीमियम ४९९ ला होता, २२ मार्चला मॅचेस सुरू झाल्या त्याच दिवशी घेतला. मे महिन्यात स्पर्धा आठवडाभर थांबली आणि फायनल ३ जूनपर्यंत लांबली तेव्हा नवऱ्याला वाटलं पॅक संपणार, पण तीन महिन्यांत आरामात बसलं. महिन्या महिन्याचा घेतला असता तर २९९ प्रमाणे तीनदा भरावे लागले असते. जिथे स्पर्धा दोन महिन्यांच्या वर चालते तिथे तीन महिन्यांचाच घ्या, पण पहिल्या मॅचच्या दिवशी, आधी घेऊन ठेवू नका.

मग वर्ष असं झालं: प्राइम १,४९९, हॉटस्टार ४९९, सोनीलिव्ह एक महिना ३९९, नेटफ्लिक्स पाच महिने २,४९५. टोटल ४,८९२. वाचले ५,५९३, त्यातले ३,४९३ एकट्या नेटफ्लिक्सचे. म्हणजे ज्यांच्याकडे नेटफ्लिक्सच नाही त्यांनी ही सगळी कटकट करायच्या आधी विचार करा.

आणि एक गोष्ट जी मी मुद्दाम सांगतेय, नेटफ्लिक्सचा १९९ वाला बेसिक प्लॅन बाराही महिने ठेवला तर २,३८८ होतात, म्हणजे माझ्या पाच महिन्यांच्या २,४९५ पेक्षा १०७ रुपये कमीच! फरक एवढाच की बेसिकवर एका वेळी एकच स्क्रीन चालते आणि चित्र तेवढं स्वच्छ नसतं. आमच्याकडे मुलगी आतल्या खोलीत टॅबवर आणि आम्ही बाहेर टीव्हीवर, त्यामुळे बेसिक घेतला की रोज "आई, तू बंद कर ना" सुरू झालं असतं. दोघंच राहात असाल तर बेसिक घ्या आणि विषय संपवा.

बंद करण्याची पद्धत नीट सांगते कारण लोक इथेच अडकतात. मी सबस्क्रिप्शन ज्या दिवशी घेते त्याच संध्याकाळी कॅन्सल करते. नेटफ्लिक्सवर कॅन्सल केलं तरी भरलेला महिना पूर्ण बघता येतो, अकाउंटमध्ये कोणत्या तारखेपर्यंत चालणार ते दिसतं, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवायचा. मग यूपीआय अ‍ॅपमध्ये प्रोफाइलच्या आत ऑटोपे असतं, तिथे जाऊन ते मॅन्डेट रद्द करायचं. हा क्रम उलटा करू नका. नुसतं मॅन्डेट काढलं तर पैसे जात नाहीत पण अ‍ॅपच्या लेखी तुम्ही अजून ग्राहकच असता आणि "पेमेंट फेल" चे मेसेज येत राहतात. नुसतं अ‍ॅप डिलीट केल्याने तर काहीच होत नाही. आणि प्ले स्टोअरमधून घेतलं असेल तर कॅन्सलसुद्धा प्ले स्टोअरमध्येच करायचं, अ‍ॅपमध्ये शोधत बसाल तर बटण सापडणार नाही. एका अ‍ॅपने आमचे एका महिन्याचे पैसे असेच खाल्ले, मोबाईलवर कॅन्सल दिसतच नव्हतं, फक्त वेबसाइटवर होतं, कस्टमर केअरने "पुढच्या महिन्यापासून बंद होईल" एवढंच सांगितलं. ऑटोपेचे पैसे कापायच्या २४ तास आधी मेसेज येतो, तो जाहिरात समजून पुसू नका, तेवढ्या वेळात रद्द करता येतं.

महिना म्हणजे घेतल्या तारखेपासून, एक तारखेपासून नाही. म्हणून शुक्रवारी घ्यायचा, नाहीतर दिवाळीची सुट्टी लागताना. मुलीच्या परीक्षेच्या महिन्यात काहीच घेत नाही. एक संपलं की दुसरं लगेच त्याच दिवशी घ्यायची घाई पण नको, आमचे मधले आठ-दहा दिवस असेच जातात, ते फुकटच वाचतात, तेवढ्यात कोणाला आठवणही येत नाही.

त्रास कुठे होतो? दर आठवड्याला एक भाग येणाऱ्या सिरीजमध्ये. पहिला भाग आला म्हणून घेतलं तर शेवटचा भाग दुसऱ्या महिन्यात, म्हणजे दोनदा पैसे. शेवटचा भाग येईपर्यंत थांबायचं, मग घ्यायचं. तोपर्यंत ठाणे-वाशी लोकलमध्ये शेजारच्या बायका कोण मेलं ते सांगून मोकळ्या झालेल्या असतात, त्याला इलाज नाही. डाउनलोड करून ठेवलेलं पण सबस्क्रिप्शन संपलं की चालत नाही, मुलीने गावी जाताना बघायला भरून ठेवलं होतं, कोकणकन्येत चिपळूण यायच्या आत रडारड.

पुढच्या वर्षी प्राइम वर्षाचं घ्यायचं का, हे अजून ठरत नाहीये. डिलिव्हरीच्या ऑर्डर आता कमी झाल्यात, आणि बघण्यासाठी दोन-तीन महिनेच लागतं. तीन महिन्यांच्या ५९९ वर आणावं असं माझं म्हणणं, नवरा म्हणतो त्याची खरेदी दिवाळीलाच असते, तर ते तीन महिने दिवाळीला धरून घेऊ.