पहिल्या नंबरचा रिपोर्ट आणि शांत पडलेला फोन

माझा धंदा घरपोच वॉशिंग मशीन दुरुस्तीचा. जवळच्या लोकांनी इंटरनेटवर शोधलं की आधी आपण दिसावं, म्हणून एका एजन्सीला काम दिलं. वेबसाइटवर उपयोगी लेख लिहायचे, गूगलच्या बिझनेस प्रोफाइलवर पोस्ट टाकायच्या आणि महिन्याला रिपोर्ट द्यायचा, असं ठरलं होतं.

रिपोर्ट मात्र झकास यायचे. हिरव्या बाणांची रांग आणि प्रत्येक शब्दापुढे 'क्रमांक 1'. फोन तेवढेच. विचारलं की उत्तर ठरलेलं: "सर, थोडा धीर धरा, रिझल्टला वेळ लागतो." हे अर्धं खरं असतं, म्हणून पचतं.

मग लांबच्या एका भागातून एका बाईंचा फोन आला. "अहो, तुमचं सेंटर इथे कुठे आहे? तासभर शोधतेय." तिथे माझं कुठलंच सेंटर नव्हतं. साइट उघडून बघितलं तर त्या भागाच्या नावाचा लेख होता आणि त्यात 'आपल्या परिसरातील आमचे केंद्र' असं ठोकून दिलेलं. तिसऱ्या परिच्छेदात तर दुसऱ्याच भागाचं नाव राहून गेलं होतं, बदलायला विसरले होते. त्या लेखातलं एक वाक्य अवतरणचिन्हांत घालून, पुढे `site:` आणि माझ्या साइटचा पत्ता टाकून शोधलं. तेच वाक्य पानांमागून पानांवर. लेख एकच, फक्त भागाचं नाव बदललेलं. अशा पानांना 'डोअरवे पेजेस' म्हणतात आणि गूगलच्या स्पॅम धोरणात ती स्पष्ट निषिद्ध आहेत. म्हणजे पैसे देऊन मी स्वतःच्या साइटवर धोका ओढवून घेत होतो.

आता तो पहिला नंबर. रिपोर्टमधले शब्द नीट वाचले: 'सर्वोत्तम विश्वासू घरपोच वॉशिंग मशीन दुरुस्ती तज्ज्ञ सेवा' आणि पुढे भागाचं नाव. असं कोण टाइप करतं? जे कुणी शोधतच नाही, त्यावर पहिलं यायला काय लागतं! बाकीच्या ओळींत माझ्या दुकानाचंच नाव होतं. नाव टाकून शोधणाऱ्याला मी आधीच माहीत असतो, त्यात एजन्सीचं कर्तृत्व काय? आणि स्वतःच्या दुकानात बसून 'रिपेअर' शोधलं तर आपण वर दिसतोच, कारण नकाशातल्या निकालांत अंतरही मोजलं जातं. ब्राउझरची खासगी, म्हणजे इन्कॉग्निटो विंडो उघडूनही तुम्ही कुठे आहात ते लपत नाही.

खरं चित्र सर्च कन्सोलमध्ये दिसतं, म्हणजे साइट कुठल्या शोधांत दिसली आणि किती क्लिक आले ते साइटच्या मालकाला दाखवणाऱ्या गूगलच्या साधनात. ते एजन्सीने मला कधी दाखवलंच नव्हतं. डोमेनच्या सेटिंगमध्ये डीएनएस रेकॉर्ड टाकून मी स्वतःचा मालकी हक्क सिद्ध केला. डोमेन माझ्या नावावर होतं, एवढं नशीब. 'परफॉर्मन्स'मध्ये 'पेजेस' उघडलं. भागांच्या नावांच्या पानांवर क्लिक जवळजवळ शून्य. तिथेच 'क्वेरीज' बघताना एक लक्षात ठेवा, अगदी कमी लोकांनी केलेले शोध गूगल तिथे दाखवत नाही. म्हणून एखादा शब्द दिसला नाही, एवढ्यावर भांडू नका, पानाचे आकडे बघा.

क्लिक आणणारं पान एकच होतं आणि ते एजन्सीच्याही आधी मी स्वतः लिहिलेलं. 'मशीनमधलं पाणी जात नाही' अशा मथळ्याचं. समोरून दार असलेल्या मशीनच्या तळाशी, बहुतेक उजव्या कोपऱ्यात झाकण असतं, त्यामागे ड्रेन पंपाचा फिल्टर. आधी प्लग काढा, पाणी गरम असेल तर निवू द्या, खाली पसरट भांडं ठेवा, मग फिल्टर हळूहळू फिरवा. नाणी, केसांच्या पिना, धाग्यांचा गोळा निघतो. हे साफ करूनही पंप नुसताच घुमत राहिला, तर मेकॅनिक बोलवा. सोबत माझ्याच कामाचे फोटो. निम्म्या लोकांचं काम माझ्याशिवाय होतं, हे खरं. पण उरलेल्यांचा फोन मलाच येतो. एजन्सीच्या लेखांत फिल्टरचा उल्लेखही नव्हता, 'नियमित देखभाल महत्त्वाची असते' एवढंच.

काम बंद केल्यावर खरी मेख कळली. बिझनेस प्रोफाइल एजन्सीच्या ईमेलवर होतं. सगळे रिव्ह्यू माझ्या गिऱ्हाइकांचे आणि चावी त्यांच्याकडे. चावीसाठी वेगळे पैसे मागितले. मी दिले नाहीत. प्रोफाइलवरून मालकी मागण्याची विनंती पाठवली. समोरच्याला उत्तर द्यायला तीन दिवस असतात. उत्तर आलं नाही, तर आपण पडताळणी करून दावा करण्याचा पर्याय मिळू शकतो. मला मिळाला. मग भागांच्या नावांची ती पानं उडवली, एजन्सीचं नाव मॅनेजरच्या यादीतून काढलं, आणि पुढचा लेख लिहायला घेतला: 'स्पिन होताना मशीन जागेवरून सरकतं'.