रोख की नो-कॉस्ट ईएमआय? फ्रिजच्या किमतीत व्याज दडलंय का, ते असं तपासा

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. त्यानंतर पाटी बदलून ‘नो-कॉस्ट’ झाली. बँक आजही व्याज लावते, फक्त तेवढीच रक्कम दुकानदार किंवा कंपनी बिलात सूट म्हणून आधीच वजा करते. ही सूट खरंच त्यांच्या खिशातून जाते, की आपल्याला मिळू शकणारी रोखीची सूट काढून घेऊन दिली जाते, एवढंच आपल्याला शोधायचं असतं.

समजा, फ्रिजवर ३६,००० लिहिलंय आणि ४,०००चे ९ हप्ते सांगितलेत. तोच फ्रिज रोखीने किंवा यूपीआयने ३४,०००ला मिळतोय. हा रोखीचा भाव काढायचा तर दुकानात ईएमआयचं नाव न घेता आधी ‘आजच पैसे दिले तर शेवटचा भाव काय?’ असं विचारायचं. एकदा हप्त्यांचं बोललात की त्या भावाची आशा सोडा. ऑनलाइन घेत असाल तर तोच विक्रेता आणि तोच मॉडेल नंबर ठेवून पेमेंटच्या पानापर्यंत दोनदा जा. ईएमआय निवडल्यावर कूपन, बँकेची तात्काळ सूट किंवा एक्स्चेंज बोनस गायब होतो का ते बघा. मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा, नाहीतर दोन वेगळ्या फ्रिजांची तुलना होईल.

| | रोख | क्रेडिट कार्ड, ९ हप्ते | फायनान्स कंपनी, ९ हप्ते (३ आगाऊ) |
|---|---|---|---|
| मूळ रक्कम | ३४,००० | ३६,००० | ३६,००० |
| व्याजावरचा जीएसटी | – | सुमारे ४१२ | – |
| प्रोसेसिंग फी (जीएसटीसह) | – | २३५ | वेगळी, विचारून घ्या |
| एकूण | ३४,००० | ३६,६४७ | ३६,००० + फी |

कार्डाच्या रकान्यातले ४१२ कुठून आले? बँकेचा दर १६ टक्के धरला तर ९ महिन्यांचं व्याज सुमारे २,२८७ होतं. तेवढी सूट बिलात मिळते आणि कर्ज ३३,७१३चं दिसतं. पण क्रेडिट कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तो सूट देणारा भरत नाही. तो दर महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये थोडा थोडा येत राहतो, म्हणून खरेदीच्या दिवशी कुणाच्या ध्यानात येत नाही.

म्हणजे ३४,०००च्या वस्तूवर २,६४७ जास्त. पाहायला ८ टक्केही नाहीत! पण पूर्ण रक्कम ९ महिने आपल्याकडे राहतेच कुठे, ती दरमहा कमी होत जाते. वार्षिक दराचा अंदाज असा काढा:

```
24 × 2647 ÷ (10 × 34000) = 0.187
```

२४ कायम, २,६४७ जादा रक्कम आणि १० म्हणजे हप्त्यांच्या संख्येत एक मिळवून. उत्तर किंचित चढं येतं, खरा दर साडेअठरा टक्क्यांच्या आसपास आहे. या भावात बँकेचं साधं पर्सनल लोनही कधीकधी स्वस्त पडेल.

फायनान्स कंपनीच्या कर्जावरच्या व्याजाला जीएसटी नाही, त्यामुळे तिसरा रकाना वरवर बरा वाटतो. मेख आगाऊ हप्त्यांत आहे. १२,००० काउंटरवरच दिलेत, म्हणजे रोखीच्या ३४,०००मधली उधारी उरली २२,००० आणि फेडायचे आहेत ४,०००चे ६ हप्ते. जादा तेच २,०००, पण छोट्या रकमेवर आणि कमी महिन्यांत. फी न धरताही दर ३० टक्क्यांच्या वर जातो. १ ऑक्टोबर २०२४पासून अशा कर्जासोबत वार्षिक दर लिहिलेलं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावंच लागतं. ते जरूर मागा, पण त्यातला आकडा कर्जाच्या रकमेवरून निघतो. दुकानदाराने नाकारलेली २,०००ची सूट त्यात दिसणार नाही. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांना तर हा नियमच लागू नाही.

रोखीलाही ३६,०००च पडत असतील तर मात्र चित्र पालटतं. कार्डावर जादा फक्त ६४७, म्हणजे वर्षाला साधारण सव्वाचार टक्के. तेव्हा हप्ते बिनधास्त घ्या. बँकेची सूट फक्त ईएमआयवरच असेल तर हप्त्यांची खरेदी रोखीपेक्षाही स्वस्त ठरू शकते. सणासुदीला अशा ऑफर असतात. वरच्या ३४,०००च्या भावाला, पैसे हाताशी असतील तर, मी रोखच देईन. नसतील तर कार्डाचे हप्ते घेईन, आणि तीन हप्ते आगाऊ मागणाऱ्या योजनेला हात लावणार नाही.