घरचं कर्ज प्रबंधात लिहायचंय: भावप्रधान ऑटोएथ्नोग्राफी की विश्लेषक?

यवतमाळ, वर्ध्याकडच्या शेतकरी घरांतली मुलं पीएचडीला आली की त्यांना बाहेरच्या गावात जाऊन माहिती गोळा करावी लागत नाही. माहिती त्यांच्या घरातच असते. संशोधकाचा स्वतःचा अनुभव हीच सामग्री मानून त्यातून समाज समजून घेणं म्हणजे ऑटोएथ्नोग्राफी. ती लिहिण्याच्या दोन वाटा आहेत आणि कोणती धरायची हे आराखडा देण्याआधीच ठरवावं लागतं.

कॅरोलिन एलिस आणि आर्थर बोक्नर यांनी पुढे नेलेली वाट भावप्रधान आहे. प्रसंग असा लिहायचा की वाचणारा त्यात उभा राहील, आणि त्यावर सिद्धांताचं ओझं लादायचं नाही. लिओन अँडरसन यांनी २००६ मध्ये दुसरी वाट मांडली, ती विश्लेषक. त्यातही संशोधक त्या समूहातलाच असतो आणि लेखनात दिसतो. मात्र त्याने स्वतःपलीकडच्या माणसांशीही बोलायचं असतं आणि प्रसंगातून व्यापक समज काढायची असते.

मी दोन्ही लिहून पाहिल्या, एकाच आठवणीवर. २००९ ची वेचणी चालू होती, मी आठवीत होते. अंगणात मोटरसायकल उभी, एक माणूस पाठमोरा, बाबा मान खाली घालून ऐकताहेत. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं: ‘त्या दिवशी सावकार आला आणि बाबा माझ्या डोळ्यांदेखत लहान झाले.’ वाचणाऱ्यांचे डोळे भरून आले. मजकूर तिथेच थांबला असता तर भावप्रधान लेख म्हणून तो पुरेसा वाटला असता.

मग आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “सावकार कायचा माय? तो तं तुहा चुलत मामा व्हता. त्याचे पैसे आपल्याकडं व्हते.”

तिथून पासबुक काढलं. आमची जमीन सात एकर, म्हणजे दोन हेक्टरांहून जास्त. २००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीत दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्याचं पात्र थकीत कर्ज पूर्ण माफ होत होतं. त्यावरच्याला काही भागाची सूट होती, तीही उरलेली रक्कम भरली तर. ती भरायलाच बाबांनी मामाकडून पैसे घेतले होते. पासबुकात बँकेचं खातं मिटलेलं दिसतं, मामाचं कुठेच दिसत नाही. आईला विचारलं, तेव्हा घरावर कर्ज किती होतं? ती म्हणाली, “कर्ज तं फिटलं व्हतं. मामाचे उसने व्हते.” कर्ज आणि उसने हे आमच्या घरात दोन वेगळे शब्द आहेत, आणि अंगणात मान खाली जाते ती दुसऱ्या शब्दापायी. माझ्या प्रकरणाचा कणा हा झाला. फक्त आठवणीवर विसंबले असते तर तो हाती लागला नसता.

आता आत्मपरीक्षक लेखनाबद्दल, कारण बहुतेकांची गाडी इथे अडते. ‘मी शेतकऱ्याची मुलगी आहे, त्यामुळे माझा दृष्टिकोन तसा आहे’ असं प्रस्तावनेत कबूल केलं की झालं, असा समज आहे. त्या कबुलीने मजकुरात काहीच बदलत नाही. मी चुकीचं वाक्य पुसलं नाही, तसंच ठेवलं आणि त्याखाली लिहिलं: ‘मला सावकार आठवला, कारण पुढे कॉलेजात विदर्भावर जे जे वाचलं त्यात सावकारच होता. आठवीतल्या मुलीला फक्त पाठ दिसली होती.’ तेव्हाची मी आणि आत्ताची मी वेगळ्या दिसल्या पाहिजेत. आपल्या मसुद्याची परीक्षा सोपी आहे. प्रत्येक परिच्छेदाला विचारा: हे मला कधी कळलं, कुणाकडून? सगळ्यांचं उत्तर ‘मला माहीतच होतं’ येत असेल तर ती आठवणींची वही आहे.

म्हणून घरचं कर्ज, जमिनीची वाटणी, लग्नाचा खर्च असा विषय असेल, ज्याचे साक्षीदार हयात आहेत आणि कागद ट्रंकेत आहेत, तर मी विश्लेषक वाट धरायला सांगेन. स्वतःचं आजारपण, गर्भपात, एकट्याने भोगलेला अपमान असेल, जिथे दुसरा साक्षीदारच नाही, तिथे भावप्रधान वाट जास्त प्रामाणिक ठरते. तिथे ओढूनताणून सिद्धांत आणला की अनुभव सुकतो. मात्र मार्गदर्शकांशी आधीच बोलून घ्या, नाहीतर ‘नमुना किती?’ हा प्रश्न थेट तोंडी परीक्षेत येईल.

एक अडचण दोन्हीकडे सारखीच आहे. नाव बदलून आई लपत नाही, कारण मुखपृष्ठावर माझं नाव आहे. गावात कुणीही ओळखेल. संमती सुरुवातीला एकदा सही घेऊन संपत नाही, प्रत्येक मसुद्याला पुन्हा विचारावं लागतं. मामाने प्रकरण ऐकलं आणि रक्कम छापू नको म्हणाला, म्हणून ती छापली नाही. आईने तिच्या पाटल्यांबद्दलचं एक वाक्य काढायला लावलं. ते काढलं, आणि त्या जागी एवढंच लिहिलं की इथलं एक वाक्य तिच्या सांगण्यावरून वगळलं आहे.