अमिलोराइडचे ९ महिने: गोळी चालली, पण मिठाशी भांडण संपलं नाही

नऊ महिने झाले रोज सकाळी बीपीसाठी अमिलोराइडची गोळी घेतोय, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. सुरू केली तेव्हा मराठीत याबद्दल काहीच सापडलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वय २६. नोकरीच्या मेडिकलमध्ये बीपी १७२/११० निघालं, तिथल्या माणसाला वाटलं घाबरलोय म्हणून, तीनदा मोजलं, तीनदा तेवढंच. रक्तात पोटॅशियम २.९, जे साधारण साडेतीनच्या वर असायला हवं. पायाला रात्री गोळे यायचे ते मी आपलं दमणुकीवर ढकलत होतो. बीपी जास्त आणि पोटॅशियम कमी अशी जोडी दिसली की डॉक्टरांना पहिला संशय येतो अल्डोस्टेरॉनचा, म्हणजे किडनीला "मीठ धर, पोटॅशियम सोड" असं सांगणाऱ्या हार्मोनचा. माझंही तेच झालं. अल्डोस्टेरॉन आणि रेनिन, म्हणजे ते हार्मोन वाढवायला लावणारं किडनीतलं रसायन, यांचा रेशो काढला तर तो जास्त आला आणि लगेच अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा सीटी स्कॅन झाला, त्यात काही नाही. गंमत अशी की रेशो जास्त दिसत होता तो फक्त रेनिन जवळजवळ शून्य होतं म्हणून. इतक्या छोट्या आकड्याने भागलं तर काहीही मोठंच दिसणार ना. खुद्द अल्डोस्टेरॉनचा आकडा बघितला तर तोही तळाला! पण तो आकडा वेगळा कुणी बघितलाच नाही.

मग सहा आठवडे अल्डोस्टेरॉन अडवणारी स्पायरोनोलॅक्टोन, आधी ५० मिग्रॅ मग १००. बीपी हललं नाही, पोटॅशियम ३.१ च्या वर गेलं नाही. पहिले डॉक्टर म्हणाले तुम्ही गोळ्या घेत नसाल. हे अजून डोक्यात आहे, कारण एक दिवस चुकवला नव्हता.

दुसऱ्या डॉक्टर किडनीवाल्या होत्या, त्यांनी कागद बघून पाच मिनिटांत विचारलं की घरात कुणाला तरुणपणी बीपी? बाबांना तिशीपासून, आत्याला पॅरालिसिस ४४ व्या वर्षी. मग त्यांनी जे समजावलं ते असं. किडनीच्या नळीच्या शेवटच्या भागात सोडियम आत ओढणारी बारीक चॅनेल्स असतात. काम झालं की पेशी ती पृष्ठभागावरून परत आत ओढून मोडून टाकते, आणि कुठलं चॅनेल मोडायचं हे ओळखायला एक प्रोटीन त्याच्या शेपटीला पकडून खूण लावतं. आमच्याकडे ती शेपूटच तुटकी आहे, त्यामुळे खूण लागत नाही, चॅनेल्स पृष्ठभागावर साचत जातात आणि सोडियम ओढतच राहतात. सोडियम आत आलं की बदल्यात पोटॅशियम बाहेर. अंगात मीठपाणी जास्त झाल्याने रेनिन आणि अल्डोस्टेरॉन दोन्ही दबतात. स्पायरोनोलॅक्टोन अल्डोस्टेरॉनची वाट अडवतं, पण इथे अल्डोस्टेरॉनच नाही तर अडवणार काय? अमिलोराइड थेट चॅनेलच्या तोंडात जाऊन बसतं. याला लिडल सिंड्रोम म्हणतात, ग्रँट लिडल यांनी १९६३ मध्ये सांगितलेला. त्यांनी बघितलेल्या त्या मुलीची पुढे कित्येक वर्षांनी किडनी बदलली आणि बीपी-पोटॅशियम दोन्ही ताळ्यावर आले, म्हणजे दोष किडनीतच. माझी जीन टेस्ट नंतर आली, चॅनेलच्या बीटा भागात बदल सापडला.

आता गोळीचा अनुभव. सुरुवात ५ मिग्रॅ, दहा दिवसांनी १०. पहिले चार-पाच दिवस मळमळ, रिकाम्या पोटी घेतली तर जास्त, खाऊन घ्यायला लागल्यावर गेली. पोटॅशियम आठवड्यात ३.८, पायाचे गोळे बंद. बीपी सावकाश उतरलं, तिसऱ्या आठवड्यात १४०/९० च्या आसपास. सहा वर्षं जे शरीर मला आपलं वाटत होतं ते खरं फुगलेलं होतं हे तेव्हा कळलं, संध्याकाळी मोज्यांचे वळ उठायचे बंद झाले.

मग चौथ्या महिन्यात बीपी परत १५२, १५५. मी म्हटलं गोळीची सवय झाली शरीराला, डोस वाढवा. डॉक्टर म्हणाल्या आधी २४ तासांची लघवी गोळा करून आणा. दिवसभर कॅन घेऊन फिरणं काय असतं ते विचारू नका. त्यात सोडियम २१० मिलिमोल आलं, म्हणजे दिवसाला साधारण १२ ग्रॅम मीठ. मी विचारलं, आमची किडनी मीठ धरून ठेवते तर मग लघवीत एवढं आलं कसं? तर म्हणाल्या, सुरुवातीला धरते, पण बीपी वाढत वाढत अशा ठिकाणी पोचतं की त्या दाबाने खाल्लेलं मीठ परत बाहेर पडायला लागतं, हिशोब जुळतो पण जास्त बीपीवर जुळतो. हे वाक्य मला सगळ्या औषधापेक्षा जास्त उपयोगी पडलं.

आणि दुसरं म्हणजे सोडियम आणि अमिलोराइड त्याच एका तोंडासाठी भांडतात. सोडियमची गर्दी जास्त तर गोळीला जागा कमी. म्हणून डोस तोच ठेवला, मीठ कमी केलं, वरून घालायचं बंद आणि पाकिटावरचं सोडियम वाचायची सवय. दोन महिन्यांनी लघवीत ९५, आणि बीपी १२६/८०. तीच १० मिग्रॅ.

इथे माझा मोठा गाढवपणा. मीठ कमी म्हणून घरी "लो सोडियम" मीठ आणलं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं, हे डब्यावर बारीक अक्षरात होतं. त्याच आठवड्यात पाठदुखीला आयबुप्रोफेन पाच दिवस. ठरलेल्या तपासणीत पोटॅशियम ५.७! मला काही म्हणजे काहीच जाणवत नव्हतं, हेच भीतीदायक. लगेच ईसीजी काढला, तो ठीक निघाला, डॉक्टरांनी गोळी दोन दिवस थांबवायला सांगितली, मीठ आणि पेनकिलर बंद, तिसऱ्या दिवशी ४.६. अमिलोराइड पोटॅशियम अडवून ठेवतं, आणि तसल्या पेनकिलरने किडनीची ते बाहेर टाकायची ताकद अजून कमी होते. आता कुठल्याही डॉक्टरकडे गेलो तरी आधी गोळीचं नाव सांगतो, कारण ट्रायमेथोप्रिम असलेलं अँटिबायोटिक तर याच चॅनेलवर बसतं, ते वर पडलं तर डबल.

अजून एक तक्रार, नुसती अमिलोराइडची गोळी मिळायला त्रास होतो. थायझाइड या लघवी वाढवणाऱ्या औषधासोबतची जोडगोळी सहज मिळते पण ती माझी नाही, एकदा दुकानदाराने "तीच आहे" म्हणून दिली होती, घरी येऊन नाव वाचलं म्हणून वाचलो.

बाबांनाही तोच बदल निघाला. त्यांची वीस वर्षं रेनिनच्या साखळीवर चालणाऱ्या गोळ्यांत गेली, रेनिन तर आधीच दबलेलं. त्यांची किडनी थोडी थकलीय आणि हे औषध किडनीतूनच बाहेर पडतं, म्हणून त्यांना अर्धी गोळी आणि सुरुवातीला दर आठवड्याला रक्त. ताई मात्र टेस्टच करत नव्हती, म्हणे माझं पोटॅशियम ४.१ आहे, मला नाहीये तुझं ते. गेल्या महिन्यात केली एकदाची. तिलाही आहे, बीपी १४८. पोटॅशियम अजूनही ४.१ च.