एकाच घरातल्या तिघी: लस कुणाला, तपासणी कुणाला?

नोव्हेंबरमध्ये एक बाई माझ्याकडे आल्या. वय बेचाळीस. सोबत नववीतली मुलगी आणि चोवीस वर्षांची पुतणी. पुतणीचं लग्न मे महिन्यात ठरलेलं. बाईंनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला, त्यावर गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरविरुद्धच्या लशीच्या किमती लिहिलेल्या होत्या. "मॅडम, तिघींचं एकदम जमणार नाही. आधी कुणाला देऊ?"

पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर जवळजवळ नेहमीच एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो, आणि हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. बहुतेकींच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपसूक निघून जातो. काहींच्यात मात्र तो ठाण मांडतो, आणि तिथून कॅन्सरपर्यंत जायला साधारण पंधरा-वीस वर्षं घेतो. लस विषाणूला दारातच अडवते, आत शिरलेल्याला बाहेर काढत नाही. त्यामुळे या तिघींचं उत्तर एकच असणं शक्य नव्हतं.

सर्वांत जास्त फायदा मुलीचा. स्वीडनमधल्या लाखो मुलींच्या नोंदींवरून 2020 मध्ये जे दिसलं ते मी बाईंना सांगितलं: सतरा वर्षं पूर्ण होण्याआधी लस घेतलेल्यांमध्ये हा कॅन्सर 88 टक्क्यांनी कमी, तर सतरा ते तीस या वयात घेतलेल्यांमध्ये 53 टक्क्यांनी कमी. लस तीच, फरक फक्त वेळेचा. शिवाय लहान वयात शरीर लशीला इतकं जोरकस उत्तर देतं की नऊ ते चौदा वर्षांत सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस पुरतात. पंधरा वर्षांपासून पुढे आपल्याकडे तीन डोस देतात: पहिला, मग दोन महिन्यांनी, मग पहिल्यापासून सहा महिन्यांनी.

इथे बाईंची मुलगी अगदी उंबरठ्यावर होती. चौदा वर्षं आठ महिने. बाईंचा बेत होता की वार्षिक परीक्षा होऊ दे, मग एप्रिलमध्ये बघू. मी कॅलेंडर पुढे ओढलं. मार्चमध्ये तिला पंधरा पूर्ण होणार, म्हणजे एप्रिलमध्ये सुरुवात केली तर तीन डोस. आज पहिला दिला तर दुसरा मे महिन्यात, तेव्हा ती पंधरा वर्षं दोन महिन्यांची असेल, तरी चालतं. वय मोजायचं ते पहिल्या डोसच्या दिवशी. मात्र घाईत दुसरा डोस पाच महिन्यांच्या आत टोचला गेला तर तिसरा घ्यावा लागतो. उशीर झाला तर काही बिघडत नाही, पहिल्यापासून सुरुवात करायची नसते. एचआयव्ही किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर मात्र वय काहीही असो, तीन डोस.

"एकच डोस पुरतो असं ऐकलं," बाई म्हणाल्या. बरोबर ऐकलं होतं, आणि त्यामागे आपल्या बार्शी-पुण्याच्या मुलीही आहेत. 2009 मध्ये देशात नऊ ठिकाणी दोन आणि तीन डोसची तुलना करणारा अभ्यास सुरू झाला. 2010 मध्ये सरकारने एचपीव्ही लशीचे अभ्यास थांबवले आणि हजारो मुली एकाच डोसवर राहिल्या. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. पुढे दिसलं की एचपीव्हीच्या 16 आणि 18 या दोन धोकादायक प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गाविरुद्ध एक डोसही जवळपास तितकाच काम करतो. 2022 पासून जागतिक आरोग्य संघटना वीस वर्षांच्या वयापर्यंत एक डोसही मान्य करते. म्हणून सरकारी मोहिमेत एकच डोस मिळाला तर मुलीला निम्मीच लस मिळाली असं समजू नका. आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे आधी चौकशी करा, मोफत मिळत असेल तर घेऊन टाका.

कुठली लस? पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक चार प्रकारांवर, गार्डासिल 9 नऊ प्रकारांवर. दुसरी बरीच महाग. पण 16 आणि 18 दोन्हींत आहेत, आणि आपल्याकडचे बहुतेक कॅन्सर त्यांच्यामुळेच होतात. महागडीसाठी पैसे साठवण्यात वर्षं घालवण्यापेक्षा स्वस्त लस आज, हे माझं मत. मुलांनाही लस चालते. पैसे मोजके असतील तर आधी बहीण.

पुतणीचं गणित वेगळं. तिला मी काकूंसमोर काहीच विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती: लशीआधी एचपीव्हीची तपासणी लागत नाही, आणि एखादा प्रकार येऊन गेला असला तरी उरलेल्यांपासून संरक्षण मिळतंच. फक्त ते मुलीइतकं भरवशाचं नाही, एवढं मोकळेपणाने सांगितलं. तिचे डोस नोव्हेंबर, जानेवारी, मे. लग्नानंतर दिवस गेले तर राहिलेला डोस बाळंतपणानंतर. चुकून गरोदरपणात टोचला गेला तरी घाबरू नये, त्याने अपाय झाल्याचं दिसलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने एकवीसच्या पुढेही सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस चालतात. पैशांची ओढाताण असेल तर डॉक्टरांशी हे बोलता येतं.

आणि बाई स्वतः? त्यांच्यासाठी लिहिलेला आकडा मी खोडला. बेचाळीसाव्या वर्षी लस घेतली तर अपाय नाही, पण फायदा थोडका. त्यांना हवी होती तपासणी, जी त्यांनी कधीच केली नव्हती. धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, तीस ते एकोणसाठ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांवर झालेला अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. लस की एक तपासणी, असा प्रश्न या वयात पडला तर उत्तर तपासणी.

ती निर्दोष आली तर पाच वर्षांनी पुन्हा. दोष आला म्हणजे कॅन्सर झाला असं नव्हे. पुढे पॅप, म्हणजे तिथल्या पेशींची तपासणी, किंवा दुर्बिणीतून पाहणी, आणि डाग दिसला तर तो तिथेच जाळता किंवा काढता येतो. आरोग्य केंद्रात पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभराने पांढरा डाग बघतात, तीही तपासणी काहीच न करण्यापेक्षा कितीतरी बरी. पाळी गेल्यावर मात्र ती फारशी उपयोगाची राहत नाही, कारण बघायची जागा आत सरकते. आणि संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त जात असेल तर कुठल्याही वेळापत्रकाची वाट न बघता लगेच दाखवायचं.

"म्हणजे या दोघींना पुढे तपासणी नको ना?" बाईंनी जाता जाता विचारलं. हवीच. लस सगळ्या प्रकारांवर नाही. तिशीपासून दोघींनाही तपासणी, आणि शक्यतो एचपीव्हीचीच. कारण लस घेतलेल्यांमध्ये खरे दोष इतके कमी असतात की नुसत्या डोळ्यांनी दिसलेला पांढरा डाग बऱ्याचदा फसवा निघतो. मुलीला लस टोचून पंधरा मिनिटं बसवून ठेवलं, या वयात मुली टोचल्यावर चक्कर येऊन पडतात म्हणून. तेवढ्यात तिच्या कार्डाच्या मागे मी दोन ओळी लिहिल्या: दुसरा डोस मे महिन्यात. तीस वर्षं पूर्ण झाल्यावर तपासणी.